बॉड, बिट आणि गोंगाटरहित वाहिनीची मर्यादा: एक प्रस्तावना

टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमच्या दोन जुन्या मानकांपासून सुरुवात करू. एकाचे नाव व्ही.२२बिस, दुसऱ्याचे व्ही.३२. दोन्हींच्या तपशिलात २४०० हा आकडा सापडतो. व्ही.२२बिस सेकंदाला २४०० बिट पाठवतो. व्ही.३२ मात्र सेकंदाला २४०० वेळा तारेवरची स्थिती बदलतो आणि त्यातून ९६०० बिट पाठवतो. एके ठिकाणी २४०० हा बिटदर आहे, दुसरीकडे तो बॉडदर. व्ही.२२बिसचा बॉडदर फक्त ६०० आहे, तरीही दुकानात तो सर्रास ‘२४०० बॉडचा मोडेम’ म्हणून विकला जाई. डेटा संप्रेषणाच्या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाने या दोन आकड्यांपाशी आधी थांबावे असे मला वाटते. हे दोन दर वेगळे का आहेत आणि त्यांच्यावरच्या मर्यादा कुठून येतात हे नीट उमगले, की पुढची प्रकरणे एकाच धाग्यात ओवली जातात.

पाठवणारा तारेवर ठरावीक काळ एक स्थिती धरून ठेवतो, मग दुसरी. ही स्थिती म्हणजे एखादा व्होल्टेज असेल, एखादी कंपनसंख्या असेल किंवा लहरीची उंची आणि कला यांची जोडी असेल. अशा एका स्थितीला आपण चिन्ह म्हणू. सेकंदाला किती चिन्हे गेली, तो बॉडदर. एका चिन्हाने निवडीसाठी किती पर्याय ठेवले यावर त्यात किती बिट मावतात हे ठरते. दोन पर्याय असतील तर एक बिट, चार असतील तर दोन, सोळा असतील तर चार. व्ही.२२बिसमध्ये लहरीची उंची आणि कला मिळून सोळा स्थिती होतात, म्हणून ६०० गुणिले ४ बरोबर २४००. ही मोजणी एवढीच आहे.

मग गोंधळ का होतो? कारण मुळात फरकच नव्हता. बॉड हे एकक एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आले. त्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच घटकांचे असे आणि प्रत्येक घटकाला दोनच स्थिती. दोनच स्थिती असल्या की चिन्ह आणि बिट यांची संख्या सारखीच निघते. आजही मायक्रोकंट्रोलरचा सिरियल पोर्ट ९६०० वर लावला, की बॉडही ९६०० आणि तारेवरचे बिटही ९६००. मात्र तिथेही एक खाच आहे. प्रत्येक आठ बिटांच्या बाइटपुढे एक आरंभ बिट आणि मागे एक समाप्ती बिट जातो, म्हणून हाती येणारी माहिती सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे ७६८० बिट एवढीच. तारेवरचा बिटदर आणि उपयोगी बिटदर हे दोन वेगळे आकडे आहेत. कुठलाही वेग वाचताना तो नेमका कशाचा, हे विचारण्याची सवय इथपासूनच लागलेली बरी.

आता मर्यादेकडे येऊ. १९२४ साली हॅरी नायक्विस्ट या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन अभियंत्याने तारयंत्राच्या वेगावर एक निबंध प्रसिद्ध केला. बेल टेलिफोनच्या यंत्रणेत काम करणाऱ्या या माणसासमोर अगदी व्यावहारिक प्रश्न होता: तार तीच, मग तिच्यावरून जास्त मजकूर कसा जाईल? त्याने दाखवले की तारेवर प्रवाहाच्या दोनऐवजी जास्त पातळ्या वापरल्या तर मजकुराचा वेग वाढतो, पण पातळ्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात. चार पातळ्यांनी वेग दुप्पट होतो, आठांनी तिप्पट, सोळांनी चौपट. पातळ्या आठपट केल्या तेव्हा वेग चारपट झाला, आणि पुढे हे प्रमाण अधिकच महाग होत जाते. १९२८ च्या दुसऱ्या निबंधात त्याने वाहिनीची बँडविड्थ आणि सेकंदाला जाऊ शकणारी चिन्हे यांचा संबंध स्पष्ट केला: बँडविड्थ `B` हर्ट्झ असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त `2B` स्वतंत्र चिन्हे.

ही दुप्पट कुठून आली हे एकदा डोळ्यांसमोर आणायला हवे, कारण पुष्कळ पुस्तके इथे फक्त सूत्र देऊन पुढे जातात. समजा, आपली तार शून्य ते ३००० हर्ट्झपर्यंतच्या लहरी जशाच्या तशा पोचवते आणि त्यापुढचे सगळे कापून टाकते. आपण तिच्यावर दोन पातळ्यांची चिन्हे पाठवतो, अधिक आणि उणे. सर्वांत जलद बदल होईल तो अधिक, उणे, अधिक, उणे अशा आलटून पालटून जाणाऱ्या मालिकेत. या मालिकेची एक पूर्ण लहर दोन चिन्हांची असते. म्हणजे सेकंदाला ६००० चिन्हे पाठवली तर या मालिकेची मूळ कंपनसंख्या बरोबर ३००० हर्ट्झ होते आणि ती तारेतून कशीबशी पार होते. त्याऐवजी ६५०० चिन्हे पाठवली तर मूळ कंपनसंख्या ३२५० हर्ट्झ. ती तार अडवते, आणि तिच्या वरच्या पटी तर आधीच अडलेल्या असतात. पलीकडे सपाट रेषा पोचते. ‘अधिक-उणे’ने सुरू झालेली मालिका पाठवली होती की ‘उणे-अधिक’ने, हे कळायला मार्गच उरत नाही. लक्षात घ्या, इथे गोंगाटाचा एक कणही नाही. अगदी शांत तारेतही ही माहिती हरवते, आणि पलीकडे कितीही संवेदनशील यंत्र ठेवले तरी ती परत मिळत नाही.

यावरून `2B` च्या वर जाता येत नाही हे कळते. पण `2B` पर्यंत तरी पोचता येते का? नायक्विस्टच्या विचाराची खरी ताकद इथे दिसते. ३००० हर्ट्झच्या आत बसणारा एक विशिष्ट आकाराचा स्पंद असतो. त्याचा माथा आपल्या क्षणी पूर्ण उंचीचा, आणि दोन्ही बाजूंना हलत हलत मंदावणाऱ्या शेपट्या. या शेपट्या दर सहाहजारांश सेकंदाला नेमक्या शून्यावरून जातात. म्हणून सेकंदाला ६००० असे स्पंद एकमेकांवर चढवून पाठवले तरी प्रत्येकाच्या माथ्याच्या क्षणी बाकी सगळ्यांचे योगदान शून्य असते. तारेवर सगळे एकमेकांत मिसळलेले दिसते, पण योग्य क्षणी मोजले तर प्रत्येक चिन्ह वेगळे हाती येते.

अट मात्र ‘योग्य क्षणी’ ही आहे. या स्पंदाच्या शेपट्या फार सावकाश विरतात. मोजण्याचा क्षण जरासा चुकला तर आजूबाजूच्या शेकडो चिन्हांच्या शेपट्यांचे छोटे छोटे तुकडे एकत्र येतात, आणि चिन्हांचा क्रम प्रतिकूल असेल तर ही बेरीज वाढतच जाते. म्हणून प्रत्यक्ष यंत्रांत थोडा वेग सोडून शेपट्या लवकर विरवतात. बँडविड्थचा असा पाव हिस्सा जादा राखला तर ३००० हर्ट्झमध्ये ६००० ऐवजी ४८०० चिन्हे जातात. अभियंत्याच्या दृष्टीने हा फार चांगला सौदा आहे.

आता पातळ्यांची संख्या `M` धरली, की पाठ्यपुस्तकांत सर्वत्र दिसणारे सूत्र तयार होते:

```
C = 2B log2(M)
```

३००० हर्ट्झसाठी दोन पातळ्यांवर हे ६००० बिट देते, चारांवर १२०००, सोळांवर २४०००. याला ‘गोंगाटरहित वाहिनीची कमाल क्षमता’ म्हणतात, आणि हे नाव नव्या वाचकाला चकवते असे माझे ठाम मत आहे. सूत्राकडे नीट पाहा: `M` वर त्यात कुठलेच बंधन नाही. १०२४ पातळ्या घ्या, ६०००० बिट मिळतील. दहा लाखांहून थोड्या अधिक, नेमक्या १०,४८,५७६ पातळ्या घ्या, १२०००० मिळतील. तार खरोखर गोंगाटरहित असेल तर तिच्यावरून कितीही बिटदर साधता येईल. म्हणजे हे सूत्र बिटदराला छत घालतच नाही. त्यातला `2B` हा चिन्हांच्या दरावरचा पक्का निर्बंध आहे. `M` ही आपण केलेली निवड आहे, आणि ती किती पुढे नेता येईल याबद्दल सूत्र मौन पाळते. परीक्षेत ‘पातळ्या इतक्या, तर क्षमता किती’ असे गणित सोडवताना ही गोष्ट सहज निसटते.

पातळ्या वाढवण्याची किंमत व्होल्टमध्ये मोजून पाहू. आपल्याला उणे ३ ते अधिक ३ व्होल्ट एवढीच जागा आहे. चार पातळ्या असतील तर त्या उणे ३, उणे १, अधिक १ आणि अधिक ३ वर बसतात. शेजारच्या दोघींत २ व्होल्टचे अंतर, म्हणजे गोंगाटाने १ व्होल्टच्या आत हलवले तर चूक होत नाही. सोळा पातळ्यांवर हे अंतर ०.४ व्होल्टवर येते आणि सहनशक्ती ०.२ व्होल्टवर. १०२४ पातळ्यांवर सहनशक्ती ३ मिलिव्होल्टपेक्षाही थोडी कमी, आणि १०,४८,५७६ पातळ्यांवर ३ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी. दर वाढीव बिटामागे अंतर जवळपास निम्मे होते. बिट एकेकाने वाढतो आणि सहनशक्ती मात्र भागाकाराने घटते. शेजारच्या तारेतला संवाद, एक्स्चेंजमधल्या उपकरणांची खरखर, प्रतिध्वनी, या सगळ्यांतून ३ मायक्रोव्होल्टचा फरक टिपणे कुठल्याही टेलिफोनवर शक्य नाही.

तेव्हा `M` ला छत घालतो तो गोंगाट. हे छत १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी सूत्रात आणले. त्यांच्या सूत्राने ३००० हर्ट्झची वाहिनी आणि संकेताची शक्ती गोंगाटाच्या हजारपट, म्हणजे ३० डेसिबल, धरली तर क्षमता सुमारे २९,९०० बिट निघते. हाच आकडा नायक्विस्टच्या सूत्रात घालून उलटे सोडवले तर `M` साधारण ३१.६ येते. ‘या तारेवर साधारण तितक्याच पातळ्या वेगळ्या ओळखता येण्याजोग्या आहेत’ असा त्याचा अर्थ लावता येतो, आणि दोन सूत्रे एकमेकांना कशी जोडलेली आहेत हे त्यातून दिसते. मात्र ३२ पातळ्या नुसत्या मांडल्या की २९,९०० बिट निर्धोक जातील, असे समजू नये. तशा उघड्या मांडणीत चुका पुष्कळ होतील. शॅननचे वचन लांब लांब कोडांच्या आधाराने पाळले जाते. व्ही.३२ मध्येच याची चुणूक आहे: त्याच्या कोडयुक्त प्रकारात ३२ स्थिती आहेत, पण चिन्हामागे माहितीचे बिट चारच. पाचवा बिट चुका ओळखून सावरण्यासाठी खर्च होतो. स्थिती मोजून थेट बिट काढणारा वाचक इथे ९६०० ऐवजी १२००० लिहील.

टेलिफोनबाबत आणखी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झची पट्टी धरतात, म्हणजे ३१०० हर्ट्झ. मग मोडेम ६२०० बॉडवर का चालले नाहीत? व्ही.३२ तर २४०० वरच थांबला. उत्तर असे, की ही पट्टी शून्यापासून सुरू होत नाही, म्हणून मोडेम मधल्या एका वाहक लहरीवर चिन्हे बसवतो. व्ही.३२ ची वाहक लहर १८०० हर्ट्झची, आणि चिन्हे तिच्या दोन्ही बाजूंना १२०० हर्ट्झपर्यंत पसरतात, म्हणजे ढोबळमानाने ६०० ते ३००० हर्ट्झ. अशा मांडणीत `B` हर्ट्झमध्ये सेकंदाला `B` चिन्हे जातात, `2B` नाही. पण प्रत्येक चिन्हात एकमेकांना न छेदणारे दोन आकडे असतात, एक साइन लहरीच्या उंचीचा आणि एक कोसाइनच्या. आकडे मोजले तर सेकंदाला `2B` च भरतात. नायक्विस्टचा निर्बंध जागच्या जागी आहे, फक्त दोन आकडे मिळून एक चिन्ह म्हटले गेले आहे.

बॉड कशावर अवलंबून आणि पातळ्या कशावर, हे सर्वांत स्वच्छ दिसते ते १९९४ च्या व्ही.३४ मानकात. हा मोडेम माहिती पाठवण्याआधी तारेची परीक्षा घेतो. १५० ते ३७५० हर्ट्झपर्यंतचे अनेक सूर एकदम सोडतो आणि पलीकडचा मोडेम कुठला सूर किती क्षीण होऊन आला, त्यावर किती गोंगाट चढला, हे मोजतो. मग दोन निर्णय होतात. कडांचे सूर नीट पोचले की नाही, यावरून २४०० ते ३४२९ या दरम्यानच्या सहा बॉडदरांपैकी एक निवडला जातो. आणि गोंगाटाच्या मानाने संकेत किती वर आहे, यावरून चिन्हामागे किती बिट टाकायचे ते ठरते. पुढे १९९६ च्या विस्ताराने ३३,६०० बिटांचा कमाल वेग आला. तो ३४२९ बॉडवर चालतो, म्हणजे चिन्हामागे ९.८ बिट. बिट पूर्णांकातच असले पाहिजेत असे काही नाही. अनेक चिन्हे एकत्र घेऊन त्यांच्यावर बिट वाटले की सरासरी अपूर्णांकात येऊ शकते. या दराची पट्टी साधारण २४४ ते ३६७४ हर्ट्झ होते, ३०० ते ३४०० च्या बाहेर. म्हणूनच तो दर रुंद आणि शांत तारांवरच साधत असे, आणि आपण वर काढलेल्या २९,९०० पेक्षा तो जास्त का, याचेही उत्तर त्यातच आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपवर ९६०० बिट हा वेग चांगला समजला जाई. तीन वर्षांतच ५६,००० चे व्ही.९० मानक आले. मग शॅननच्या मर्यादेचे काय झाले? ती कुठेही मोडली नाही. एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, म्हणजे ४००० हर्ट्झच्या नेमके दुप्पट, आणि प्रत्येक नमुना २५६ पातळ्यांपैकी जवळच्या एकीवर बसवतात. हे बसवणे म्हणजेच एक गोंगाट, आणि घरून जाणाऱ्या संकेताला तो टाळता येत नाही. पण सेवा देणारी कंपनी एक्स्चेंजला थेट डिजिटल तारेने जोडलेली असेल, तर ती त्याच पातळ्यांतून हव्या त्या निवडून पाठवू शकते. खाली येणाऱ्या दिशेत तो गोंगाट निर्माणच होत नाही. ८००० चिन्हे, चिन्हामागे जास्तीत जास्त ७ बिट, म्हणून ५६,०००. सगळ्या २५६ का वापरत नाहीत? कारण शून्याजवळच्या पातळ्या इतक्या दाटीने असतात, की घरापर्यंतच्या तारेवरचा साधा गोंगाटही त्या एकमेकींत मिसळतो. आणि वाटेत कुठे संकेत पुन्हा एकदा अॅनालॉग होऊन डिजिटल झाला, तर हा सगळा डाव फसतो आणि मोडेम ३३,६०० किंवा त्याखाली उतरतो. हे पडद्यावर ओळखतानाही सावध राहावे लागे: `CONNECT 115200` असा संदेश दिसला तर तो तारेचा वेग नसून संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा असे.

बॉडला वाहिनीची बँडविड्थ बांधते आणि पातळ्यांना गोंगाट; दोष कुठला आहे हे ओळखायची रीत याच फरकातून येते. ऑसिलोस्कोपवर लागोपाठची चिन्हे एकावर एक चढवून पाहिली की मध्ये डोळ्याच्या आकाराच्या मोकळ्या जागा दिसतात. दोन पातळ्यांना एक डोळा, चारांना एकावर एक तीन. बॉडदर वाहिनीला झेपत नसेल तर डोळ्याच्या कडांच्या रेषा फुटून अनेक वेगवेगळ्या, पण रेखीव रेषा होतात; आधी कुठली चिन्हे गेली त्यानुसार प्रत्येक रेषा वेगळी. गोंगाट जास्त असेल तर रेषा फुटत नाहीत, त्या जाड आणि धूसर होतात. पहिल्या दोषावर संकेत जोरात पाठवून उपयोग होत नाही, कारण शेपट्याही तेवढ्याच मोठ्या होतात. तिथे इक्वलायझर हवा किंवा बॉडदर कमी करायला हवा. दुसऱ्या दोषावर जोर वाढवणे किंवा पातळ्या कमी करणे हा उपाय. हे दोन दोष एकच समजून पातळ्या कमी करत बसणारे लोक प्रयोगशाळेत पुष्कळ भेटतात.

बॉड वाढवायचा की पातळ्या, ही निवड आज डेटा सेंटरमधल्या तारांवरही होते. तिथे एका जोडीवर सेकंदाला ५३.१२५ अब्ज चिन्हे चार पातळ्यांनी पाठवतात, म्हणजे १०६.२५ अब्ज बिट. दोनच पातळ्या ठेवल्या असत्या तर एवढ्या बिटांसाठी वाहिनीने ५३ गिगाहर्ट्झपर्यंत साथ द्यायला हवी होती. चार पातळ्यांवर ती निम्म्यावर, सुमारे २६.५ गिगाहर्ट्झवर, भागते. बदल्यात प्रत्येक डोळ्याची उंची एक तृतीयांश होते, म्हणजे गोंगाटाविरुद्धची सुमारे साडेनऊ डेसिबल ताकद हातची जाते. ती कमतरता भरून काढण्यासाठी या वेगांच्या मानकांत चुका सुधारणारा कोड तारेच्या रचनेचाच भाग केला आहे, आणि ५३.१२५ हा आकडा ५० च्या वर गेला आहे तो मुख्यतः या जादा बिटांमुळे.